गच्चीची जाळी, पावसाळी पाइप आणि भाडेकरू: काम कोणाचं, खर्च कोणाचा, मेसेज कधी

प्रश्न: पुण्यात आमची तीन मजली जुनी बिल्डिंग आहे, सहा भाडेकरू. गच्चीची चावी वरच्या मजल्यावाल्यांकडे असते, त्यांनी तिथे कुंड्या पण ठेवल्यात. दर पावसाळ्यात गच्ची तुंबते आणि वरच्या घरात ओल येते. मिस्टर गेल्यापासून सगळं मी एकटीच बघते. भाडेकरूंना मेसेज टाकायचाय की पावसाआधी जाळ्या आणि पाइप साफ करा, पण ते म्हणणार हे मालकाचं काम. नक्की कोणाचं? आणि मेसेज कसा लिहू?

उत्तर:

ताई, मी गेली बावीस वर्षं पुण्यात अशाच छोट्या बिल्डिंगांच्या देखभालीची कामं घेतो, आणि मे-जूनमधली निम्मी भांडणं याच एका गोष्टीवरून होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात. जाळी ही सीमा धरा. जाळीच्या वर जो रोजचा कचरा साठतो, पानं, पिसं, कुंडीतली माती, कपडे वाळत घालायच्या दोरीचे तुकडे, तो उचलायचा ज्याच्या ताब्यात गच्ची आहे त्याने. जाळीच्या खालचं सगळं, म्हणजे पाइप, त्याचे बेंड, खालचं चेंबर, गच्चीचा उतार, वॉटरप्रूफिंग, हे तुमचं. भाडेकरूने स्वतःच्या हाताने पाइपात काही घातलं असेल तर तेवढा खर्च त्याचा, पण ते दिसायला पाहिजे, नुसत्या अंदाजाने नाही.

म्हणजे तुमच्या मनात जो मेसेज आहे, "जाळ्या आणि पाइप साफ करा", त्यातला अर्धाच बरोबर आहे. पाइप साफ करा असं भाडेकरूला सांगूच नका. एक तर ते काम त्याचं नाही, आणि दुसरं म्हणजे तो करेल तेव्हा काठीने करेल. वरून काठी ढोसली की कचरा खाली सरकतो आणि तळाच्या बेंडमध्ये घट्ट बसतो, वर पाणी जाताना दिसतं म्हणून सगळे खुश, आणि पहिल्या मोठ्या पावसात पूर्ण पाइप भरून उभा राहतो.

कायद्याचं पण सांगतो, कारण वाद झाला की तेच विचारतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. त्यात लिहिलंय की भाडेकरूने उलट काही कबूल केलेलं नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. मालकाने टाळलं तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, त्यानंतरही वाजवी वेळात काम झालं नाही तर, स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. आता यात एक गोष्ट लोक विसरतात, हे कलम "भाडेकरू" म्हणतं. तुमच्या सहापैकी जे जुने पागडीवाले किंवा भाडेपावतीवाले असतील त्यांना ते सरळ लागू आहे, पण जे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर आहेत त्यांच्याबाबतीत मुख्यतः करारात काय लिहिलंय तेच बघितलं जातं. म्हणून मेसेज लिहायच्या आधी सहाही करार काढून वाचा. बऱ्याच छापील करारांत "किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी" एवढंच एक वाक्य असतं आणि गच्चीचा उल्लेखच नसतो. तसं असेल तर गच्चीचा पाइप "किरकोळ" मध्ये बसवायचा प्रयत्न करू नका, कुणी ऐकणार नाही आणि ते बरोबरही नाही, कारण तो पाइप एका घराचा नाही, अख्ख्या बिल्डिंगचा आहे. (कोणी सोसायटीतला फ्लॅट भाड्याने दिलेले वाचत असतील तर तुमचं वेगळं आहे. तिथे आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरचे पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती हे सोसायटीचं काम, भाडेकरूला मधे ओढायचं कारणच नाही.)

आणि व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून करार बदलत नाही. चालू करारात नसलेली जबाबदारी तुम्ही या मे महिन्यात विनंती म्हणून सांगू शकता, हुकूम म्हणून नाही. ती पक्की करायची तर पुढच्या नूतनीकरणाला करारात घाला.

आता तुमच्या केसमधली खरी गोम. चावी वरच्यांकडे आहे. गच्ची सगळ्यांसाठी उघडी असती तर मी म्हटलं असतं की कुठल्याच एका भाडेकरूला सांगू नका, जाळी साफ करायला एक माणूस लावा आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये धरा. पण चावी, कुंड्या, वापर सगळं एकाच कुटुंबाचं असेल तर जाळी मोकळी ठेवणं त्यांनीच करायला हवं, हे त्यांनाही पटतं, फक्त ते कामापुरतं आणि नेमकं सांगावं लागतं.

एक किस्सा सांगतो, त्यातून खर्चाचं कसं ठरवायचं ते कळेल. सिंहगड रोडच्या बाजूला अशीच तीन मजली बिल्डिंग, वरच्या कुटुंबाने गच्चीवर निळे ड्रम अर्धे कापून त्यात माती भरून भाजी लावलेली. जूनमध्ये रात्री जोराचा पाऊस झाला आणि बेडरूममध्ये पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकायला लागलं. मालक म्हणे यांच्या मातीने पाइप बंद केला, भाडेकरू म्हणे तुमचा स्लॅब गळका. मला सकाळी बोलावलं. मी आधी त्या खोलीचा एमसीबी खाली पाडायला लावला, कारण पंख्याच्या पॉइंटमधून पाणी येतं म्हणजे ते वायरिंगच्या नळीतूनही फिरलेलं असू शकतं. मग वर गेलो, गच्चीवर चार बोटं पाणी. जाळीवर माती होती ती हाताने काढली, तरी पाणी हलेना, म्हणजे अडकलंय ते खाली कुठेतरी. साठलेलं पाणी डब्याने उपसून बाजूच्या दुसऱ्या पाइपात टाकलं आणि खाली प्लंबरने तळाच्या बेंडची झाकणी जपून उघडली. उभा पाइप पाण्याने भरलेला असतो तेव्हा ती झाकणी उघडणाऱ्याच्या अंगावर सगळं येतं, म्हणून बाजूला उभं राहून स्क्रू ढिले करायचे. आतून निघाली दोन घमेली माती आणि तिच्या खाली पाइपाच्या आकाराचाच घट्ट झालेला सिमेंटचा गोळा, अर्धा पाइप त्यानेच बंद केलेला.

तो सिमेंटचा गोळा आला कुठून? एप्रिलमध्ये मालकाने टाकीची डागडुजी करून घेतली होती आणि गवंड्याने घमेली-थापी त्या पाइपाच्या तोंडाशीच धुतली होती. म्हणजे पाइप आधी मालकाच्या कामामुळे अर्धा बंद झाला आणि मग भाडेकरूच्या मातीने उरलेला. मी दोघांना तो गोळा आणि माती शेजारी शेजारी ठेवून दाखवली. बेंड बदलायचा आणि प्लंबरचा सगळा खर्च मालकाने दिला, भाडेकरूने ड्रम जाळीपासून लांब हलवून खाली विटा लावल्या, आणि बेडरूमचा रंग मालकाने पावसाळा संपल्यावर दिवाळीआधी करून दिला. डिपॉझिटमधून काही कापायचं नाही असं मी स्पष्ट सांगितलं, कारण एकट्या भाडेकरूमुळे झालं हे दाखवताच आलं नसतं. तुमच्याकडेही उन्हाळ्यात गवंडीकाम झालं असेल तर भाडेकरूंना मेसेज करायच्या आधी तोच पाइप तपासून घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

तपासायचं कसं, तर रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा घ्या, तेच माप. चार इंची पाइपात दर मीटरला साधारण आठ लिटर पाणी मावतं. तुमची तीन मजली बिल्डिंग म्हणजे उभा पाइप नऊ मीटरच्या आसपास, त्यात सुमारे ७० लिटर, म्हणजे साडेतीन डबे. आता जाळी काढून पाइपाच्या तोंडात एकामागून एक डबे भराभर ओता आणि एक माणूस खाली पाइपाच्या शेवटाशी उभा करा. पाणी ओतल्या ओतल्या खाली तसंच धो धो आलं तर पाइप मोकळा. पहिला डबा अर्धाच ओतला आणि पाणी तोंडाशी आलं तर अडथळा वरच्याच बेंडमध्ये आहे, हात घालून निघतो. तिसऱ्या-चौथ्या डब्याला पाणी वर आलं तर अडथळा तळाशी आहे आणि तिथे प्लंबरच लागतो. मधे कुठे असेल तर पाइपावर खालून वर टिचक्या मारत जा, भरलेला भाग बद्द वाजतो, रिकामा भाग पोकळ. यात एक मर्यादा आहे, अर्धवट तुंबलेला पाइप या परीक्षेत पास होऊ शकतो, कारण हाताने ओतलेलं पाणी एकूण पावसाच्या पाण्यापेक्षा फारच कमी असतं. म्हणून खालच्या माणसाने धारेकडे नीट बघायचं, वर ओतणं थांबल्यावर खाली धार लगेच संपली पाहिजे. बराच वेळ बारीक बारीक येत राहिली तर आत काहीतरी आहे असं धरा आणि बेंड उघडून बघा.

पावसाचं पाणी किती असतं याचा लोकांना अंदाज नसतो. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की साधारण तेवीसशे लिटर पाणी होतं, आणि वळवाचा एक इंच कधी कधी अर्ध्या-पाऊण तासात पडतो. जिन्याच्या दाराचा उंबरा बहुतेक चार इंचांचा असतो. पाइप बंद असेल आणि पाणी त्या उंबऱ्यापर्यंत आलं तर गच्चीवर नऊ हजार लिटरच्या वर पाणी उभं आहे, म्हणजे जवळजवळ एक मोठा टँकर. जाता-येता वापरायच्या गच्चीला डिझाइन करताना दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास भार धरतात, सहा इंच पाणी साठलं की तेवढा भार पाण्यानेच होतो, आणि त्यात तुमच्याकडे कुंड्या. जुन्या स्लॅबला हे चांगलं नाही.

जाळीबद्दल दोन शब्द. सपाट जाळी असेल तर ती बदला, हे काम तुमचं. सपाट जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी किंवा बदामाची चार पानं बसली की संपलं, घुमटासारखी वर आलेली जाळी असते तिच्या कडेला कचरा अडकला तरी वरून पाणी जातं. दुकानात मिळते, फार महाग नाही, बसवताना तोंडात घट्ट बसेल अशी मापाची घ्या. आणि भाडेकरूंना दोन गोष्टी आवर्जून सांगा. झुरळं येतात म्हणून जाळीवर फडकं किंवा फरशीचा तुकडा ठेवू नका, हे मी दर वर्षी कुठे ना कुठे बघतो. आणि पाऊस चालू असताना पाणी लवकर जावं म्हणून जाळी उपसून बाजूला ठेवू नका, कारण ती परत बसवायचं राहतं आणि मग कचरा थेट पाइपात. ॲसिड तर कोणीच टाकायचं नाही, माती आणि पानांवर त्याचा काही उपयोग होत नाही, तोंडाभोवतीचं सिमेंट मात्र खातं आणि तिथूनच गळती सुरू होते.

छज्जे कोणालाही साफ करायला सांगू नका. खिडकीवरच्या छज्जावर माती साठते, पिंपळाची रोपं येतात, ते काढायलाच हवं, पण ते दोर बांधलेल्या माणसाचं काम आहे आणि तो माणूस तुम्ही लावायचा. भाडेकरू तुमच्या मेसेजमुळे खिडकीबाहेर वाकला आणि काही झालं तर ते कुठल्याच पैशात भरून येत नाही. तळमजल्यावाल्यांना मात्र एक विचारा, जोराच्या पावसात तुमच्या बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे किंवा पाणी वर येतं का. येत असेल तर कोणीतरी पावसाळी पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जोडलाय, तो तोडून वेगळा काढावा लागेल, आणि तेही तुमचंच काम.

वेळेचं. लोक सात जून डोक्यात धरून बसतात. २०२५ साली २६ मेलाच मान्सून मुंबई-पुण्यात आला होता, आणि वळीव तर एप्रिल-मेमध्ये कधीही येतो. म्हणून मेसेज मेच्या पहिल्या आठवड्यात, डब्यांची परीक्षा १५ मेच्या आत, प्लंबरचं काम २० मेच्या आत. मे महिन्याच्या शेवटी प्लंबर फोनच उचलत नाहीत. दुसरी आठवण पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, कारण वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण तेव्हा एकदम जाळीशी वाहून येते.

मेसेज असा लिहा, वरच्यांना वेगळा आणि बाकीच्यांना वेगळा. ग्रुपवर सगळ्यांसमोर वरच्यांना उद्देशून लिहिलं की त्यांना ते तक्रार केल्यासारखं वाटतं. वरच्यांसाठी:

"नमस्कार दादा, पावसाळ्याआधी गच्चीचे दोन्ही पाइप मी प्लंबरकडून तपासून घेते आहे, खर्च माझा. रविवारी सकाळी ९ वाजता प्लंबर येईल, तुम्ही किंवा वहिनी गच्ची उघडून थोडा वेळ थांबलात तर बरं होईल, पाणी ओतून दोघांसमोरच बघू. तुमच्याकडून एवढी मदत हवी. कुंड्या जाळीपासून तीन फूट लांब आणि खाली विटा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि मोठ्या पावसानंतर जाळीवरचा कचरा हाताने उचलून पिशवीत, पाइपात काहीही ढकलू नका. विजा चमकत असताना वर जाऊ नका. पाणी थांबलेलं दिसलं किंवा छताला ओल आली तर रात्री सुद्धा मला फोन करा, फोटो पाठवा. गावाला जाणार असाल तर चावी माझ्याकडे द्या. पाइप, गळती, वॉटरप्रूफिंग हे सगळं मी बघेन."

बाकीच्या पाच जणांना एवढंच, की गच्चीचे आणि बाहेरचे पाइप मी साफ करून घेते आहे, तुम्ही तुमच्या घरातली बाल्कनी आणि ड्राय बाल्कनीची जाळी मोकळी ठेवा, भिंतीला ओल दिसली तर लगेच फोटो पाठवा.

यात तुमची जबाबदारी आधी आणि त्यांची नंतर आली आहे ते मुद्दाम केलंय. मालकाने आधी स्वतःचं काम सांगितलं की "हे मालकाचं काम" हे वाक्य म्हणायला समोरच्याला जागाच राहत नाही, माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आणि फोन करा असं लिहिलंय तर खरंच उचला. ओल दिसल्याचा फोटो आला आणि तुम्ही दहा दिवस काही केलं नाही, तर मग कपाट भिजलं की गादी खराब झाली, ते बोलणं तुमच्याकडेच येणार.

प्लंबर येईल त्या दिवशी चार फोटो काढा, दोन्ही जाळ्या साफ झाल्यावर वरून आणि दोन्ही पाइपांची खालची धार, आणि ते वरच्यांनाच पाठवून ठेवा, "आज दोघांसमोर तपासले, दोन्ही मोकळे" एवढ्या ओळीसकट. ऑगस्टमध्ये पाइपात बाटलीचं बूच किंवा कुंडीतली माती निघाली तर त्या दिवशी पाइप मोकळा होता हे दोघांनाही माहीत असतं, मग खर्चाबद्दल शांतपणे बोलता येतं. तुम्हाला जागा बघायला जायचा हक्क कायद्यानेही आहे, फक्त आधी कळवून आणि योग्य वेळी, न सांगता चावी लावून गच्चीवर जाऊ नका.

नूतनीकरणाला करारात घालायचं वाक्य साधं ठेवा: "गच्चीचा वापर व चावी लायसन्सीकडे असल्याने गच्चीवरील जाळ्यांवरचा कचरा वेळोवेळी काढणे व पाणी तुंबल्यास त्वरित कळवणे ही लायसन्सीची जबाबदारी राहील. पाइप, चेंबर, उतार, वॉटरप्रूफिंग व त्यांची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी राहील. लायसन्सीच्या कृतीमुळे पाइप बंद झाल्याचे दोघांच्या पाहणीत आढळल्यास तेवढा सफाईचा खर्च लायसन्सी देईल." वकिलाला दाखवून घ्या. वरचे म्हणाले की आम्हाला ही जबाबदारी नको, तर तेही मान्य करा, पण मग चावी तुमच्याकडे, कुंड्या खाली, आणि आठवड्याला एक माणूस तुम्ही लावायचा. मधलं काही ठेवू नका, चावी एकाकडे आणि जाळीची जबाबदारी दुसऱ्याकडे असं असेल तर जुलैमध्ये परत हेच होईल.

आणि हे सगळं करूनही वरच्या घरात ओल आलीच, पाइप मोकळा असताना, तर मग ते तुंबणं नाही. पाऊस थांबल्यावर तासाभराने गच्चीवर जाऊन बघा पाणी कुठे थबकलंय. पाइपाच्या तोंडापासून लांब डबकं असेल तर उतार गेलाय, कठड्याच्या कडेकडेने ओल असेल तर वाटा, म्हणजे कठडा आणि गच्ची मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर काठ, फुटलाय. दोन्हीला भर पावसात काही करता येत नाही. डबक्याच्या जागी खडूने गोल काढून फोटो घ्या, तात्पुरती ताडपत्री टाका, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला नोव्हेंबरमध्ये तो फोटो दाखवा, म्हणजे तो नेमकं तिथेच काम करेल आणि अख्खी गच्ची खोदायचं बिल लावणार नाही.